फुटबोर्डावरची फोड

मे महिन्यात विसरवाडीत कोणी उन्हाला नावं ठेवली की ते जिभाऊंच्या मनाला लागतं. सुरतेहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आमचं गाव. गाडीतून उतरलेला पाहुणा रुमालानं मान पुसत "काय हो हे ऊन!" म्हणतो, तेव्हा ओट्यावर बसलेले जिभाऊ त्याच्याकडे न बघता सांगतात, "ड्युटीवर शे ते. ड्युटीवरच्या माणसाला काही बोलू नये." पाहुण्याला वाटतं, म्हाताऱ्याला ऊन बाधलं. आम्हाला माहीत असतं की पत्र्याच्या सावलीची रेघ जिथे संपते त्याच्या वीतभर पुढे दोन बरण्या उन्हात उभ्या आहेत, आणि जिभाऊंचा डोळा त्या रेघेवर आहे. रेघ सरकली की बरण्या सरकतात. दिवसातून किती वेळा, ते त्यांच्या बायकोला, आक्कांना विचारा. त्या सांगतील, पण सोबत आणखी बरंच काही सांगतील.

जिभाऊ एस.टी.त कंडक्टर होते, नवापूर आगारात. निवृत्त होऊन जमाना झाला. पण कोंडाईबारीच्या घाटात, गाडी वळणं घेत असताना, उभ्या गर्दीतून वाट काढत ज्यानं जन्मभर तिकिटं फाडली, तो माणूस घरी स्वस्थ बसेल कसा? त्याला काहीतरी मोजायला लागतं, त्याचा हिशेब लिहायला लागतो आणि कोणाला तरी "आत सरका" म्हणायला लागतं. या तिन्ही हौशी एकाच ठिकाणी भागतात असा उद्योग घरगुती जीवनात एकच आहे, कैरीचं लोणचं. तो जिभाऊंना सापडला आणि आक्कांचा निवांतपणा संपला.

तसं लोणचं घालतात आक्काच. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, नंदुरबारच्या बाजारातून आणलेल्या मिरचीचं तिखट, सगळा मसाला त्यांचा आणि कालवणारा हातही त्यांचा. जिभाऊंकडे फक्त मीठ, तेल आणि ऊन ही तीन खाती. मसाल्याच्या परातीजवळ यायची त्यांना बंदी आहे. ती ते पाळतात, आणि दोन हातांवर खुर्ची टाकून बसतात. "मी काही बोलतोय का?" असं मधूनमधून विचारतात, ते वेगळं.

त्यांच्याकडे एक शंभरपानी वही आहे. वर ठळक अक्षरात 'वे-बिल' असं लिहिलेलं. आत दर वर्षाचं एक पान: कैरी किती किलो, फोडून भरली किती, मीठ, तेल, पहिलं ऊन, शेवटचं ऊन, बरणी कुठे पाठवली. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात "फोडी करकरीत, तक्रार नाही" असे समाधानी शेरे आहेत, तसा "नाशिकची बरणी: सूनबाई ओला चमचा घालतात. फोनवर समज दिली" असाही आहे. सूनबाईंनी तो वाचलेला आहे. त्यानंतर त्या सुट्टीत आल्या की स्वतःच्या पर्समध्ये चमचा असल्याचं सासऱ्यांना दाखवतात.

आखाजी उरकली की जिभाऊंचा बाजार सुरू होतो. आमच्याकडे आखाजीच्या आधी आंब्याला तोंड लावायचं नाही ही जुनी रीत, आणि लोणच्याची कैरी तर त्याहून उशिरा. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बाया गावरान कैऱ्यांच्या पाट्या घेऊन बसतात. जिभाऊ पाटीसमोर उकिडवे बसतात आणि एक कैरी हातात घेऊन वजन अंदाजतात, मग नाकाशी धरतात. गोडसर वास आला की परत. "ही पिकायला निघाली, मावशी. हिचं रिझर्वेशन दुसरीकडचं." त्यांचं म्हणणं बरोबर असतं. पाड लागलेल्या कैरीत आंबटपणा उतरतो आणि साखर चढते. आंबटपणा हा लोणच्याचा फुकटचा राखणदार, तो गेला की साखरेवर यीस्ट पोसतं आणि लोणचं फसफसतं. मग बरोबरच्या पोराला सांगून एक कैरी तिथेच कापायला लावतात. कोय कोवळी असेल, सुरी लोण्यासारखी गेली, तर तीही नापास. बाठ्याला टणक कवच आलेलं हवं, म्हणजे फोडीला पाठ मिळते आणि ती वर्षभर ताठ राहते.

फोडून देणारा मोठा अडकित्ता घेऊन बाजारातच बसलेला असतो. त्याच्याकडे कैरी द्यायची ती घरी नेऊन, धुऊन, पुसून, पंख्याखाली रात्रभर कोरडी करून दुसऱ्या दिवशी. बाजारात फोडून घेऊन घरी फोडी धुणाऱ्या माणसाबद्दल जिभाऊ काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. फोडी आल्या की आतली पांढरी कोय काढायची आणि कवचाला आतून चिकटलेला तो पातळ कागदासारखा पापुद्रासुद्धा. त्या पापुद्र्याखाली ओल दडून राहते. हे काम घरातल्या सगळ्यांना, आलेल्या पाहुण्यांना आणि उधारी मागायला आलेल्या माणसालाही करावं लागतं.

मग येतं मीठ. इथे जिभाऊ खुर्चीवरून उठतात.

त्यांच्या घरी लोणच्याचं मीठ वाटीनं मोजायला बंदी आहे. तागडी लागते. याचं कारण वे-बिलातल्या एका पानावर आहे, आणि ते पान जिभाऊ मागितल्याशिवायही दाखवतात. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या घरी, सुरतेला, वर्षानुवर्षं लोणचं उत्तम व्हायचं. सासूबाईंनी घालून दिलेलं माप होतं, चार किलो फोडींना तीन वाट्या मीठ. एक वर्ष तेच माप, तीच वाटी, तीच बरणी, आणि श्रावण लागायच्या आत लोणच्याला फेस. फोडी बोटानं दाबल्या की चिखल. बहिणीनं रडत फोन केला की कोणाची तरी नजर लागली. जिभाऊ गाडी पकडून सुरतेला गेले. नजरेचा विषय त्यांनी बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मिठाचा डबा दाखव." डब्यात जाड खडा मीठ होतं. आधी कुठलं वापरायचीस? आधी पिशवीतलं बारीक. त्या वर्षी कोणीतरी सांगितलं होतं की लोणच्याला खडा मीठच चांगलं. जिभाऊंनी तीच वाटी घेतली, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले आणि दोन्ही मिठं तोलून घेतली. बारीक मीठ वाटीत अडीचशे ग्रॅम बसलं. खड्यांच्या मध्ये हवा राहते, त्यामुळे जाड मीठ बसलं जेमतेम दोनशे. म्हणजे तीन वाट्यांत साडेसातशेऐवजी सहाशे. सासूबाईंचं माप बरोबर होतं, सल्ला देणाऱ्याचं मीठही वाईट नव्हतं. पण दोघांची गाठ पडली आणि दीडशे ग्रॅम मीठ कुणाच्याही लक्षात न येता गळालं. कैऱ्याही त्या वर्षी जरा पाडाच्याच होत्या, असं चौकशीत पुढे निघालं.

तेव्हापासून नियम असा: फोडी भरतील त्याच्या किलोला पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम मीठ, मग ते जाड असो की बारीक. तोलायच्या त्या फोडी, अख्खी कैरी नव्हे, कारण कोय काढून टाकल्यावर पाच किलो कैरीच्या फोडी चारच्या आसपास भरतात. चार किलोंना पाऊण किलो. हे ऐकून शहरातली माणसं दचकतात. नाशिकच्या मुलाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली त्या वर्षी त्यानं सुचवून पाहिलं, की मीठ निम्मं करू या. जिभाऊ शांतपणे म्हणाले, "लोणचं निम्मं खा. मीठ निम्मं करशील तर ते लोणचं नाही, कोशिंबीर. ती आजच संपव." मुलानं मान डोलावली. लोणचं निम्मं खाल्लं असेल याची खात्री मात्र कोणी देत नाही.

या मिठाचं काम काय, ते आमच्या गल्लीतल्या पोरांना पाठ आहे, कारण जिभाऊ ते दर वर्षी घागरभर पाण्याचा उल्लेख करून सांगतात. कैरीत बहुतेक पाणीच असतं. फोडींना मीठ-हळद चोळून ठेवली की मीठ ते पाणी बाहेर ओढतं आणि स्वतः आत शिरतं. सकाळी पातेल्यात फोडी पाण्यात बसलेल्या दिसतात. आत शिरलेलं मीठ आणि कैरीचा आंबटपणा मिळून सडवणाऱ्या जिवाणूंना जगू देत नाहीत. उरलेलं पाणीसुद्धा त्यांच्या कामाचं राहत नाही, मिठानं ते अडवून धरलेलं असतं. मीठ कमी पडलं की हे कुंपण सगळीकडूनच ठेंगणं होतं, आणि मग लोणचं वरून नाही, आतून जातं: बुडबुडे, आंबूस वास, मऊ फोड. बहिणीच्या बरणीत झालं ते हेच. त्याला बुरशी म्हणत नाहीत, हे जिभाऊ दर खेपेला बजावतात. बुरशीचा गुन्हा वेगळा, त्याचं कलम वेगळं.

आक्का आणि जिभाऊंचा वार्षिक वाद याच टप्प्यावर येतो. जिभाऊ पाऊण किलोतलं अर्धा किलो मीठ रात्री फोडींना लावतात आणि पाव किलो मागे ठेवतात, मसाल्याबरोबर घालायला. कारण सकाळी फोडी निथळल्या की खारं पाणी वेगळं होतं, आणि त्या पाण्याबरोबर बरंचसं मीठही उतरून जातं. ज्यांनी सगळं मीठ रात्रीच घातलं आणि सकाळी पाणी मोरीत ओतलं, त्यांनी वजन करून घातलेलं मीठ वजन न करता फेकलं. आक्का ते पाणी फेकत नाहीत. त्यात हिरव्या मिरच्या चिरून घालतात, आणि त्या मिरच्या लोणच्याच्या आधी संपतात. वाद एवढाच की मागे ठेवलेलं पाव किलो आक्कांना जास्त वाटतं. पहिल्या दिवशी चाखून त्या म्हणतात, "खारट झालं." जिभाऊ म्हणतात, "पहिल्या दिवशी खारट लागलंच पाहिजे. तीन आठवड्यांनी बोल." तीन आठवड्यांनी आक्का बोलत नाहीत. जिभाऊ हा विजय समजतात.

निथळलेल्या फोडी मग जुन्या धोतरावर पसरून उन्हात. इथे जिभाऊंचं खरं राज्य. सकाळी नऊच्या सुमाराला फोडी बाहेर, चारला आत, दर तासाला उलटापालट. गाईगुरं, कावळे, ट्रकांची धूळ आणि शेजारची पोरं या चौघांवर लक्ष ठेवायला हातात काठी. पोरांना प्रत्येकी एक फोड मिळते आणि ती वे-बिलात 'मोफत प्रवास' म्हणून पडते. आमच्या उन्हात एक दिवस पुरतो. फोडीची कडा किंचित आत वळली, पाठीवर बोट फिरवलं तर ओल नाही, पण दाबली तर अजून लवचिक, असं झालं की पुरे. त्यापुढे ठेवली की ती चामडं होते, मसाला आत घेत नाही. आणि अर्धवट ओली बरणीत गेली की तेलाखाली पाणी सोडत बसते.

एकदा कोणा हौशी पाहुण्यानं विचारलं की मग पूर्णच का वाळवत नाही, कटकट नको. जिभाऊंना असा प्रश्न म्हणजे पर्वणी. "धडगावला गेलात का कधी?" त्यांनी सुरुवात केली. तिकडे सातपुड्यात पावरा-भिलांच्या घरांपुढे कैरीच्या सोललेल्या चकत्या नुसत्या उन्हात वाळतात, त्याचं आमचूर होतं. त्यात ना मीठ, ना तेल, तरी टिकतं, कारण पाणीच शिल्लक नसतं. बुरशीला प्यायलाच काही नाही. लोणच्यात मात्र आपल्याला फोड रसरशीत हवी, म्हणजे पाणी ठेवायचं आहे आणि बुरशी नको आहे. दोन्ही हट्ट पुरवायचे तर मीठ आणि तेल दोघांनाही कामाला लावावं लागतं. पाहुण्यानं पुढे काही विचारलं नाही. त्याची गाडी होती.

तेलाचं प्रकरण जिभाऊ दुसऱ्या दिवशी काढतात. आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल. किलोभर फोडींना पाव लिटर ते तीनशे मिली, म्हणजे चार किलोंना लिटर-सव्वा लिटर, शिवाय पाव लिटर राखीव. तेल धूर येईपर्यंत तापवायचं आणि पूर्ण थंड करायचं. पूर्ण म्हणजे हात घालता येईल इतकं नव्हे; पातेल्याच्या बुडाला हात लावला तर काही कळू नये इतकं. कोमट तेलानं मोहरी कडू होते आणि बरणीत वाफ धरते. आक्का मसाला, मीठ आणि फोडी कालवून बरणी भरतात, जिभाऊ दांड्याच्या चमच्यानं फोडी दाबतात आणि वरून तेल सोडतात. आणि या क्षणी, इतक्या वर्षांनी, कंडक्टर जागा होतो.

"चला, आत सरका, आत सरका! दारात कोणी उभं राहायचं नाही! खाले बठा!"

ज्या फोडीचं टोक तेलाच्या वर आहे, ती त्यांच्या भाषेत फुटबोर्डावरची फोड. तिला पाहिलं की त्यांचा रक्तदाब चढतो. कारण बुरशीला हवा लागते. तेलाखाली, जिथे हवा पोचत नाही, तिथे ती वाढत नाही. पण मिठाला ती जिवाणूंइतकी घाबरत नाही. जिवाणू जिथे हात टेकतात तिथेही बुरशी तग धरते. म्हणून मीठ बरोबर असलेल्या लोणच्यालाही बुरशी येते आणि लोक मिठाला दोष देत बसतात. जिभाऊ म्हणतात, मीठ आतल्या प्रवाशांसाठी आणि तेल दारासाठी. दार उघडं ठेवलं तर आतली शिस्त काय कामाची.

त्यात गंमत अशी की पहिल्या दिवशी तेल फोडींच्या वर मस्त उभं असतं, आणि माणूस निर्धास्त होतो. तीन-चार दिवसांत मसाला तेल पितो, मोहरीची डाळ फुगते, तेल खाली जातं आणि काल बुडालेल्या फोडी आज दारात लटकलेल्या दिसतात. राखीव पाव लिटर यासाठीच. चौथ्या दिवशी जिभाऊ पुन्हा तपासतात, पुन्हा ओततात आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. मापाचं भांडं त्यांचं बोट. फोडींच्या वर एक बोट तेल, आडवं. नातवानं एकदा मोबाईलवर वाचून दाखवलं की सरकारी अन्नसुरक्षेच्या नियमात तेलातल्या लोणच्यावर किमान अर्धा सेंटीमीटर तेलाचा थर लागतो, नाहीतर एकूणात किमान 10 टक्के तेल. जिभाऊंनी नियमाचा मान राखला. "कारखान्याच्या बाटलीला ठीक शे. ती दुकानात जाईपर्यंत कोणी उघडत नाही. आपली बरणी दोन वेळा जेवताना उघडते, शिवाय रात्री तुझा बाप एकदा उघडतो. आपल्याला बोटभर." बाप तेव्हा समोरच बसला होता.

भरलेली बरणी पुन्हा आठवडाभर उन्हात, तोंडाला दादरा बांधून. झाकण नाही, कापडच. आणि इथे मी तुम्हाला आमच्या गल्लीतला तो तपास सांगतो, कारण त्यानंतर जिभाऊंना आवरणं कोणालाच शक्य राहिलं नाही.

नवापूर तालुक्यात पाऊस जिल्ह्यातल्या बाकी भागापेक्षा चांगला पडतो, त्यामुळे श्रावणात आमच्याकडे भिंतींनाही ओल. त्या दिवसांत समोरच्या घरातल्या वहिनींची बरणी बिघडली. त्यांनी सगळं जिभाऊंच्या वे-बिलाप्रमाणे केलं होतं. मीठ तोलून, तेल बोटभर. तरी हिरवट-काळी केसाळ बुरशी. वहिनींच्या आवाजात दुःखापेक्षा जिभाऊंवरचा राग जास्त होता. जिभाऊ चष्मा पुसून आले. बरणीला हात न लावता त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बुरशी कोठे शे?"

हा प्रश्न कोणी विचारत नाही. लोक 'आली' एवढंच सांगतात. जिभाऊंच्या मते सगळं गूढ 'कोठे'मध्ये आहे. वरच्या एखाद्याच फोडीच्या टोकावर असेल तर तेल कमी. चमचा जिथे नेहमी बुडतो त्या एका कोपऱ्यात असेल तर चमचा ओला, किंवा त्याला आधी आमटी लागलेली. वहिनींच्या बरणीत यातलं काहीच नव्हतं. तेल स्वच्छ, आरशासारखं. बुरशी होती ती बरणीच्या गळ्याला आतून, गोल कड्यासारखी, आणि झाकणाच्या खालच्या बाजूला.

जिभाऊंनी विचारलं, उन्हातून बरणी आत आणल्यावर काय करायचात? वहिनी म्हणाल्या, लगेच झाकण घट्ट लावायचे, मुंग्या येऊ नयेत म्हणून. जिभाऊंना उलगडा झाला. दुपारभर तापलेली बरणी, आतून वाफ निघतेय, तिच्यावर घट्ट झाकण. संध्याकाळी बरणी निवते, वाफेचं झाकणाला पाणी होतं, थेंब गळ्यावर ओघळतात. गळ्याला काय असतं? भरताना लागलेला मसाला, जो कोणी पुसत नाही. त्या मसाल्यावर तेल नाही, मीठ थेंबांनी पातळ झालेलं आणि हवा भरपूर. बुरशीला आणखी काय पाहिजे? खाली चार किलो लोणचं नियमानं बसलेलं आणि बिघाड सगळा वरच्या दोन बोटांत. दादरा बांधला असता तर वाफ कापडातून निघून गेली असती. झाकण रात्री लावलं असतं, बरणी पूर्ण गार झाल्यावर, तरी चाललं असतं. आणि भरल्यावर गळा कोरड्या कापडानं पुसून घेतला असता तर बुरशीला बसायला जागाच उरली नसती.

वहिनी म्हणाल्या, मग वरचं पुसून खालचं खायचं ना? इथे जिभाऊंनी जे सांगितलं त्यानं वहिनींशी त्यांचा अबोला महिनाभर टिकला. ते म्हणाले, टाका. बुरशीचा केस दिसतो तेवढाच नसतो. तिच्या मुळ्या आणि तिनं सोडलेली विषारी द्रव्यं खाली पसरलेली असू शकतात, ती ना डोळ्याला दिसत, ना पुन्हा उन्हात ठेवून, ना उकळून हमखास जात. "विदाउट तिकीट एक दिसला, तर गाडी सगळी तपासायची. इथे तपासता येत नाही." चार किलो लोणचं टाकायचं दुःख फार मोठं असतं. जिभाऊंनी स्वतःच्या बरणीतून वहिनींना पसाभर फोडी काढून दिल्या, पण वे-बिलात नोंद करून. त्या नोंदीवरूनही थोडं झालं.

नंतर त्या यशानं ते इतके चेकाळले की भाद्रपदात गल्लीत घरोघर तपासणी निघाली. नमस्कार-चमत्कार न करता थेट, "बरणी दाखवा." एका नव्या सुनेनं तर त्यांना पाहताच सांगितलं, "जिभाऊ, आमच्या फोडींवर पांढरं आलंय, मी टाकायलाच निघाले होते." जिभाऊ डोळ्यांना ताण देऊन बघत राहिले. पांढरं होतं खरं, पण केसाळ नव्हतं आणि सायीसारखंही नव्हतं. रवाळ होतं. त्यांनी वाटीत पाणी मागितलं, कोरड्या चमच्यानं एक कण उचलून पाण्यात टाकला आणि ढवळलं. कण नाहीसा झाला. "मीठ," ते म्हणाले. वरच्या एका फोडीवरचं पाणी उडालं आणि मिठाचे खडे परत उमटले. बुरशी पाण्यात विरघळत नाही, तरंगते. सुनेला हायसं वाटलं. जिभाऊ जरा हिरमुसले. तरी जाता जाता ती फोड चमच्यानं तेलाखाली ढकलून "दारात उभं राहायचं नाही" म्हणून आलेच.

आक्कांना मी एकदा विचारलं, हे सगळं तुम्ही सहन कसं करता? त्या मिरच्या चिरत होत्या. म्हणाल्या, "अहो, ह्यांनी आयुष्यात माझ्या कोणत्याच कामाचं कधी कौतुक केलं नाही. पण लोणच्याला कोणी छान म्हणालं तर हे सांगतात, ऊन माझं, चव तिची. एवढं पुरे." मग जरा थांबून, "आणि मीठ जास्तच घालतात, ते लिहा."

लिहिलं. तुमच्याकडे यंदा लोणचं घालणार असाल तर कैरीच्या आधी वजनकाटा काढून ठेवा. फोडींच्या किलोला पावणेदोनशे ग्रॅमच्या खाली मीठ जाऊ देऊ नका, चौथ्या दिवशी तेल पुन्हा तपासा आणि बरणीचा गळा पुसा. अडलंच तर जिभाऊंना बोलवायची गरज नाही. तुमच्या घरातही कोणीतरी आत्या, मामा किंवा निवृत्त काका असेलच. बरणी उन्हात ठेवल्याचा त्यांना वास लागला की ते आपण होऊन येतील, आणि पहिला प्रश्न विचारतील, "मीठ तोललं होतंस का?"